महिलेच्या नावावर सदनिका घेताना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत: पतीचे नाव वगळावे का?

केतकी_पुणे

नमस्कार. आम्ही पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत तिसऱ्या मजल्यावरची दोन शयनगृहांची सदनिका विकासकाकडून घेत आहोत. करारनाम्यातील किंमत ६३ लाख रुपये ठरली आहे. वकिलांनी दिलेल्या मसुद्यात खरेदीदार म्हणून माझे आणि माझ्या यजमानांचे अशी दोन्ही नावे आहेत, आणि सोबतच्या कागदावर मुद्रांक शुल्क ७ टक्के दाखवले आहे. विक्री विभागातील मुलाने मात्र असे सांगितले की माझे एकटीचे नाव ठेवल्यास १ टक्का वाचेल. वकिलांना विचारले तर ते म्हणाले, “वाचेल, पण घाई करू नका, घरी बोला.” घरी बोलून झाले आहे आणि दोन मते झाली आहेत. नोकरी आम्ही दोघेही करतो, गृहकर्ज ४५ लाखांचे आहे. ही सवलत नेमकी कशावर मिळते, नोंदणी फीवरही मिळते का, आणि नंतर यजमानांचे नाव चढवता येते का, हे कोणी अनुभवी व्यक्तीने सांगितल्यास बरे होईल.

गुरुग्रामकर_जोशी

केतकीताई, दोन्ही नावे ठेवली तरी सवलत मिळते, फक्त अर्धी मिळते. आम्ही दहा-बारा वर्षे इकडे हरियाणात आहोत. आमच्याकडे शहरी भागात पुरुषाच्या नावावर ७ टक्के, स्त्रीच्या नावावर ५ टक्के आणि दोघांच्या नावावर ६ टक्के लागतात. आम्ही दोघांचे नाव लावून मधला दर भरला. तेव्हा एकटीचे नाव लावण्याचा हट्ट कशासाठी, हे मला समजले नाही. वकिलांना अर्ध्या सवलतीबद्दल विचारा.

दस्तऐवज

जोशीबुवा, हरियाणाबद्दल आपण सांगता ते बरोबर आहे; पण मुद्रांकाचे दर प्रत्येक राज्याचे वेगळे असतात आणि महाराष्ट्रात संयुक्त नावासाठी मधला दर नाही. येथे सर्व खरेदीदार स्त्रिया असल्या तरच १ टक्का सवलत मिळते आणि एकाही पुरुषाचे नाव आले की पूर्ण दर लागतो. हे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पुण्यात ७ टक्के म्हणतात तो एकच कर नसून तीन रकमांची बेरीज आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद २५ प्रमाणे महानगरपालिका क्षेत्रात मूळ शुल्क ५ टक्के, त्यावर महानगरपालिकेचा अधिभार १ टक्का आणि मेट्रोसाठीचा अधिभार १ टक्का. मुंबईत मूळ ५ आणि मेट्रोचा १ असे एकूण ६ होतात. राज्य शासनाने १ एप्रिल २०२१ पासून दिलेली सवलत फक्त मूळ शुल्कात आहे, म्हणजे ५ चे ४ होतात. अधिभार स्त्रीलाही तेवढाच भरावा लागतो. त्यामुळे पुण्यात ७ ऐवजी ६ आणि मुंबईत ६ ऐवजी ५ टक्के.

नोंदणी फीचा प्रश्न यापासून अगदी वेगळा आहे. ती किमतीच्या १ टक्का असते, परंतु ३० हजारांच्या वर जात नाही. तुमच्या किमतीला ती ३० हजारच होईल आणि त्यात स्त्रियांना कोणतीही सूट नाही. पुष्कळ लोक घरी हिशेब करताना नोंदणी फीचाही १ टक्का धरतात आणि ६३ हजारांची जुळवाजुळव करीत बसतात. तसे करू नये.

सवलत केवळ निवासी घटकाला आहे, म्हणजे सदनिका, रो हाऊस, बंगला, स्वतंत्र घर. मोकळा भूखंड, दुकान किंवा कार्यालय स्त्रीच्या नावावर घेतले तरी ती मिळत नाही.

बापू_नाशिक

आमच्या सूनबाईंच्या नावावर गेल्या वर्षी भूखंड घेतला तेव्हा मुद्रांकात काहीच सूट मिळाली नव्हती, ते आता समजले. आम्हाला वाटले होते की दस्त लिहिणाऱ्याने दुर्लक्ष केले. असो. माझे मत असे की संसारात कोणाचे नाव आहे याने काही फरक पडत नाही, ६३ लाखांवर ६३ हजार वाचतात तर वाचवावेत आणि नवऱ्याचे नाव पुढच्या महिन्यात चूक दुरुस्ती पत्र करून टाकावे. त्याला पाचशे रुपयांच्या कागदावर काम होते.

दस्तऐवज

बापू, हा सल्ला कोणी अमलात आणू नये, म्हणून थांबवतो. चूक दुरुस्ती पत्र हे दस्तात झालेली लेखनिकी चूक सुधारण्यासाठी असते: गट क्रमांकातील अंक उलटा पडला, नावाचे स्पेलिंग चुकले, क्षेत्रफळात टंकदोष राहिला. नवा खरेदीदार घुसवणे ही चूक दुरुस्ती नव्हे, ते हस्तांतरण आहे आणि दुय्यम निबंधक त्यावर हस्तांतरणाचेच शुल्क मागतील. सवलत घेतली आणि महिन्याभरात पुरुषाचे नाव चढवले, असा दस्त तर विशेष नजरेत भरतो. लेखापरीक्षणात फरक निघाला तर कमी पडलेले शुल्क आणि त्यावर दरमहा २ टक्के दराने दंड भरावा लागतो.

पतीचे नाव खरोखर पुढे आणायचे असेल तर सरळ मार्ग बक्षीसपत्राचा आहे. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे आणि मृत मुलाची पत्नी यांना निवासी किंवा शेतजमिनीची मालमत्ता बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. आता येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महानगरपालिका अधिनियमातील अधिभार बक्षीसपत्रालाही लागतो आणि तो मिळकतीच्या मूल्यावर असतो. २०० रुपयांत काम होईल असे धरून कार्यालयात गेलेली माणसे मी अनेकदा परत येताना पाहिली आहेत. आधी मूल्यांकन करून घ्यावे आणि अधिभारासह एकूण रक्कम विचारावी.

केतकी_पुणे

बापूंनी ६३ हजार म्हटले, तर वकिलांच्या कागदावर ७ टक्क्यांची रक्कम ४ लाख ६२ हजार आहे. ६३ लाखांचे ७ टक्के ४ लाख ४१ हजार होतात. हा फरक कुठून आला? कागदावर कोठेही खुलासा नाही.

दस्तऐवज

तुमच्या वकिलांचा हिशेब चुकलेला नाही. शुल्क करारातील किंमत आणि शासनाच्या दर तक्त्याप्रमाणे येणारे बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागते. ४ लाख ६२ हजार हे ६६ लाखांचे ७ टक्के आहेत. म्हणजे तक्त्याप्रमाणे तुमच्या सदनिकेचे मूल्य ६६ लाख निघाले असावे.

ते कसे निघते ते पडताळता येईल. रेरा करारात दिलेले चटई क्षेत्र पाहा. समजा ते ६० चौरस मीटर आहे. त्याला १.१ ने गुणून बांधीव क्षेत्र ६६ चौरस मीटर येते. तुमच्या मूल्य विभागाचा निवासी दर १ लाख रुपये प्रति चौरस मीटर असेल तर मूल्य ६६ लाख होते. मूल्य विभागाचा दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावर गाव आणि सर्व्हे क्रमांक देऊन पाहता येतो. एक लक्षात असू द्या की उद्वाहन असलेल्या उंच इमारतीत चौथ्या मजल्याच्या वर दरात वाढ धरतात. तिसरा मजला असल्याने तुम्हाला तो प्रश्न नाही. आच्छादित वाहनतळ करारात असेल तर त्याचे मूल्य वेगळे मिळवले जाते, तेवढे तपासा.

म्हणून तुमची तुलना अशी: दोघांच्या नावावर ६६ लाखांचे ७ टक्के म्हणजे ४ लाख ६२ हजार, एकटीच्या नावावर ६ टक्के म्हणजे ३ लाख ९६ हजार. बचत ६६ हजार. ६३ लाखांवर ६ टक्के धरून ३ लाख ७८ हजारांचे चलन काढले असते तर १८ हजार कमी पडले असते आणि दस्त मूल्यांकनाच्या टप्प्यावरच अडला असता.

अनुराधा_ठाणे

येथे कोणी अजून मुख्य गोष्टीकडे वळलेले दिसत नाही. आम्ही २०२२ मध्ये ठाण्याजवळ घर घेताना हाच प्रश्न पडला होता. तेव्हा मी आणि माझ्या सासूबाई अशी दोघींची नावे लावली, सवलत मिळाली. यजमानांनी नाव लावले नाही. पण त्यांचा पगार मोठा असल्याने गृहकर्जाच्या व्याजाची वजावट त्यांना हवी होती आणि ती मिळाली नाही. ज्याच्या नावावर घर नाही त्याला फक्त सहकर्जदार असल्याच्या आधारे व्याजाची वजावट मिळत नाही, हे आमच्या लेखापालाने पहिले विवरणपत्र भरताना सांगितले. विक्री विभागाला तेवढ्यापुरते शुल्क दिसते, पुढची वर्षे त्यांना दिसत नाहीत.

लेखापाल_कोल्हापूर

अनुराधाताईंनी मांडले ते बरोबर आहे, फक्त त्याला एक मोठी अट आहे आणि तिच्यावरच केतकीताईंचा निर्णय अवलंबून आहे. यजमान जुन्या करप्रणालीत आहेत की नव्या?

जुन्या प्रणालीत स्वतः राहण्याच्या घराच्या गृहकर्जावरील व्याजाची वजावट प्रत्येक मालकाला वर्षाला २ लाखांपर्यंत मिळते. ती मिळण्यासाठी माणूस घराचा मालकही हवा आणि कर्जाचा हप्ताही त्याने भरलेला हवा. ४५ लाखांच्या कर्जाचे पहिल्या वर्षांतले व्याज साडेतीन-चार लाखांच्या घरात असते, म्हणजे दोघे मालक असतील तर दोघांनाही आपापल्या वाट्याची जवळजवळ पूर्ण वजावट बसते. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाला २ लाखांच्या वजावटीने उपकरासह वर्षाला ६२,४०० रुपये वाचतात. मुद्रांकाची बचत ६६ हजार, तीही एकदाच. वजावट मात्र दर वर्षी येते आणि कर्जाच्या मुदतीत वर्षानुवर्षे चालते. म्हणजे जुन्या प्रणालीतील पतीचे नाव वगळले तर साधारण वर्षभरातच बचत बुडते आणि पुढे तोटा होत राहतो.

नव्या प्रणालीत मात्र स्वतः राहण्याच्या घराच्या व्याजाला वजावटच नाही. यजमान नव्या प्रणालीत असतील आणि तेथेच राहणार असतील, तर कराच्या बाजूने त्यांचे नाव असण्या-नसण्याने फरक पडत नाही आणि मग ६६ हजार खरोखर हातात राहतात. नोकरदाराला दर वर्षी प्रणाली बदलता येते, त्यामुळे पाच वर्षांनी कोणती सोयीची ठरेल हे कोणी आज छातीठोकपणे सांगू नये.

दुसरी गोष्ट पैशांच्या स्रोताची. घर एकटीच्या नावावर आणि पैसे पतीचे, असे झाले आणि घर भाड्याने दिले, तर त्या भाड्याचे उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. स्वतः राहणार असाल तर हा प्रश्न उद्भवत नाही. आणि पतीच्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या नावावर घेतलेल्या मिळकतीस बेनामी ठरवण्याची भीती बाळगू नका, कायद्यात ती सूट स्पष्ट आहे. बँकेच्या खात्यातून व्यवहार झालेले पुरावे मात्र जपून ठेवा.

केतकी_पुणे

लेखापालसाहेब, हे फार उपयोगी पडले. यजमान गेल्या वर्षी नव्या प्रणालीत गेले आहेत आणि तिकडेच राहण्याचा विचार आहे. माझे उत्पन्न तुलनेने कमी आहे, तीही नवी प्रणाली. तेव्हा वजावटीची चिंता आम्हाला नाही.

पण दुसरी चिंता आली. एकटीच्या नावावर घर झाले तर बँक कर्ज कोणाच्या उत्पन्नावर देणार? पुढे मला काही झाले तर यजमानांना काय त्रास होईल? सासूबाईंना ही कल्पना आवडलेली नाही, त्यांचे म्हणणे असे की घर दोघांचे आहे, नाव एकाचे का.

दस्तऐवज

बँकेचे म्हणाल तर साधारण नियम असा की प्रत्येक मालकाने कर्जदार असलेच पाहिजे. उलट बाजूने मालक नसलेल्या पतीला सहकर्जदार म्हणून घेण्यास बहुतेक बँका तयार असतात, कारण त्यांना उत्पन्न हवे असते. आपली बँक काय म्हणते ते चलन काढण्याआधी लेखी विचारून घ्या. मंजुरीपत्रात दोघांची नावे मालक म्हणून असतील आणि करारनाम्यात एकच येईल, तर मंजुरीपत्र नव्याने काढावे लागते आणि तेथे दिवस जातात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर केवळ मुद्रांकात नाही. मृत्युपत्र केलेले असेल तर यजमानांचा मार्ग सोपा होतो. मृत्युपत्र नसल्यास हिंदू वारसा कायद्यानुसार स्त्रीची मिळकत प्रथम मुले आणि पती यांच्याकडे जाते, त्यामुळे मुले असली तर तीही पतीइतकीच भागीदार असतात, हे घरात आधी बोलून घ्यावे. गृहनिर्माण संस्थेतील नामनिर्देशन तेवढ्यापुरते असते, ते वारसाहक्काचा पर्याय नव्हे.

सासूबाईंचा मुद्दा मी हलका समजणार नाही. अनुराधाताईंप्रमाणे तुमचे आणि सासूबाईंचे नाव लावले तरी सवलत पूर्ण मिळते, कारण दोघीही स्त्रिया आहेत. पण मग सासूबाईंना कर्जातही यावे लागेल आणि त्यांच्या वाट्याचे वारस यजमानांचे भावंडही असू शकतात. ६६ हजारांसाठी हा गुंता वाढवावा का, हे घरच्यांनी ठरवायचे.

बापू_नाशिक

माझा सल्ला मागे घेतो, पण सासूबाईंचे नाव लावू नका असे तुम्ही म्हणता ते मला पटत नाही. आमच्याकडे आईच्या नावावरच घर होते आणि पन्नास वर्षे सुखाने चालले.

विदर्भवासी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच सवलतीचा आहे म्हणून येथेच विचारतो. माझ्या बहिणीने नागपुरात २०२२ मध्ये ही सवलत घेऊन सदनिका घेतली. तेव्हा सवलतीच्या आदेशात १५ वर्षे ती सदनिका पुरुष खरेदीदाराला विकता येणार नाही अशी अट होती. आता तिची बदली झाली आहे आणि समोरून आलेला खरेदीदार पुरुष आहे. ही अट मे २०२३ मध्ये काढून टाकल्याचे मी वाचले आहे. तिला ही मोकळीक मिळते का, की १ टक्का परत भरावा लागेल?

लेखापाल_कोल्हापूर

विदर्भवासी, अट काढली गेली आहे हे खरे. २०२३ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि मे महिन्यात आदेश निघाला. माझ्या समजुतीप्रमाणे अटच रद्द झाल्याने जुन्या खरेदीदारांवरही ती राहत नाही.

दस्तऐवज

येथे मी लेखापालसाहेबांशी पूर्ण सहमत नाही. २०२३ च्या आदेशानंतर घेतलेल्या सदनिकेबाबत वाद नाही. परंतु २०२१ ते २०२३ मधील दस्त ज्या अटीवर नोंदवले गेले ती अट त्या दस्तांच्या मजकुरातच लिहिलेली असते, आणि तेव्हाची अट आधीच्या दस्तांवर आपोआप गळून पडते की नाही याविषयी वेगवेगळ्या कार्यालयांत वेगळी मते ऐकू येतात. खरेदीदार पुरुषाचे वकील हमखास हा प्रश्न काढतील. म्हणून तुमच्या बहिणीने तिच्या खरेदीच्या दस्ताची प्रत आणि सूची २ घेऊन सह जिल्हा निबंधकांकडे लेखी विचारणा करावी आणि लेखी उत्तर येईपर्यंत खरेदीदाराकडून मोठा विसार घेऊ नये. अडचण आलीच तर फरकाची रक्कम व दंड किती होतो हे आधी समजलेले बरे, म्हणजे व्यवहाराच्या किमतीत त्याचा विचार करता येतो.

विदर्भवासी

दस्तात ती अट स्वतंत्र परिच्छेदात आहे, आत्ताच पाहिले. उद्या अर्ज देतो. उत्तर आले की येथे लिहीन.

केतकी_पुणे

आमचा निर्णय एकटीच्या नावाचा झाला आहे. बँकेने यजमानांना सहकर्जदार म्हणून घेण्यास होकार दिला, मृत्युपत्र दोघेही करणार आहोत. आता मसुदा बदलून येईल. दस्त नोंदवण्यापूर्वी मी नेमके काय तपासू, की सवलत खरोखर लागली आहे?

दस्तऐवज

मसुद्यातील पहिल्या पानापासून यजमानांचे नाव खरेदीदार म्हणून कोठेही राहता कामा नये. “खरेदीदार” या शब्दाच्या व्याख्येत, पैशांच्या पावत्यांच्या परिच्छेदात आणि शेवटी सह्यांच्या ठिकाणी ते राहून जाते. साक्षीदार म्हणून त्यांची सही चालेल. दस्तात महिला खरेदीदार म्हणून सवलत घेत असल्याचा उल्लेख शासकीय आदेशाच्या तारखेसह असावा.

चलन ग्रास प्रणालीतून काढताना खरेदीदार म्हणून तुमचेच नाव असावे आणि मुद्रांकाच्या रकानात ३,९६,००० व नोंदणी फीच्या रकानात ३०,००० वेगवेगळे दिसायला हवेत. ७ टक्क्यांनी चलन निघाले तर नोंदणी होऊन जाते, कारण कार्यालयाला जास्त शुल्कात काही अडचण नसते. नंतर जादा रक्कम परत मागणे मात्र फार लांबते. म्हणून मसुद्याइतकेच चलनाकडे लक्ष द्या. दस्तावर सही चलन भरल्यानंतरच करावी आणि सहीच्या तारखेपासून ४ महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला सादर करावा. नोंदणी झाल्यावर मिळणाऱ्या सूची २ मध्ये बाजारभाव, मोबदला आणि भरलेले मुद्रांक शुल्क हे तीन आकडे असतात. ते ६६ लाख, ६३ लाख आणि ३ लाख ९६ हजार आहेत ना, एवढे त्याच टेबलापाशी वाचून घ्या.

अनुराधा_ठाणे

आमच्या वेळी पावत्यांच्या परिच्छेदात यजमानांचे नाव खरेदीदार म्हणून तसेच राहिले होते आणि दुय्यम निबंधकांनी ते दाखवून पाने बदलायला लावली. सकाळची वेळ मिळाली होती, दुपार झाली. केतकी, पानांची छपाई नोंदणीच्या आदल्या दिवशी करून घे आणि यजमानांनाही वाचायला दे.

केतकी_पुणे

वाहनतळ आच्छादित आहे आणि करारात आहे, हे आत्ता पाहिले. म्हणजे ६६ लाखांत तो धरला आहे की नाही, हे वकिलांना विचारल्याशिवाय चलन काढत नाही.